कथेसाठी मदत हवी: कुत्र्याला भिणारी आजी आणि शेजारचा कारवानी

मांजराकाठ
दिवाळी अंकासाठी एक लघुकथा लिहायला घेतली आहे. औसा तालुक्यातलं गाव. बहात्तर वर्षांची गोदाआजी. नऊ वर्षांची असताना तिला कुत्रं चावलं आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. तेव्हापासून कुत्रं दिसलं की तिच्या हातापायातलं बळ जातं. शेजारी नवीन गुरुजी राहायला येतात, त्यांच्याकडं एक कारवानी कुत्रा, नाव सोन्या. दोन्ही घरांचं अंगण एकच, मधे भिंत नाही, शहाबादी फरशी आणि एक लिंब. सोन्या त्या लिंबाला बांधलेला.

सध्याच्या खर्ड्यात असं आहे: आजी आठवडाभर काठी घेऊन बसते, मग एक दिवस सोन्याला भाकर टाकते, दुसऱ्या दिवशी तो तिचा हात चाटतो, आणि शेवटी रात्री अंगणात साप निघतो, सोन्या भुंकून तिला वाचवतो. भीती संपते. वाचून बघितल्यावर माझंच समाधान होईना. साठ वर्षांची भीती अशी जाते का? कुठं खोटं वाटतंय ते स्पष्ट सांगा.

हुरडापार्टी
साप ठेवाच. वाचकाला प्रसंग लागतो. आणि भाकरीचं एकदम बरोबर आहे. कुत्र्याला चार दिवस भाकर टाका, पाचव्या दिवशी ते तुमचं. शेपूट हलवायला लागलं की समजायचं मैत्री झाली.

बाभूळबन
मांजराकाठताई, दोन गोष्टी खोट्या वाटतात. पहिली, कारवानी असा दुसऱ्या दिवशी हात चाटत नाही. हे कुत्रं अंगानं सडपातळ, तोंड लांबट, पोट आत ओढलेलं, सशामागं धावण्यासाठी घडलेलं. घरच्यांना जीव लावतं, पण परक्यानं हात लावलेला त्याला आवडत नाही. परकं माणूस दिसलं की अंगावर येत नाही, मान वळवून दुसरीकडं बघतं. दिवसा तर बहुतेक वेळ झोपलेलंच. म्हणजे तुमच्या कथेसाठी जात अगदी योग्य निवडली आहे, फक्त तिचा स्वभाव वापरला नाही. भिणाऱ्या माणसाला सगळ्यात मोठा धसका असतो तो कुत्रं *आपल्याकडं येईल* याचा. जे कुत्रं आपल्याकडं बघतसुद्धा नाही, त्याच्याजवळ भीती आधी सैल होते.

दुसरी, भाकर. हुरडापार्टी म्हणतात तसं खाऊ घालून कुत्रं तुमचं होतं हे खरं. पण इथं प्रश्न कुत्र्याचा नाही, आजीचा आहे. आजीनं पुढ्यात तुकडा टाकला की कुत्रं पुढं येणार. तिची तयारी पाच हातांची आणि ते दोन हातांवर आलं, की ती दचकून हात मागं घेणार. हातातून दिलं तर त्याहून वाईट. हात झटकला की कुत्रं तुकड्यामागं तोंड घालतं, दात बोटाला लागतो, आणि साठ वर्षांपूर्वीचा चावा पुन्हा ताजा होतो. टाकायचाच असेल तर तुकडा कुत्र्याच्या *मागं* टाकायचा. ते वळून आजीपासून लांब जातं आणि खातं. आजीच्या मनात बसतं की मी हात हलवला तर ते लांब जातं. हे पंधरा-वीस दिवसांनंतर, त्याआधी नाही.

शेपटीचंही तसंच. सैल, रुंद, कमरेसकट हलणारी शेपूट वेगळी. ताठ उभी, फक्त टोकाशी थरथरणारी वेगळी, तिला मैत्री समजू नका.

निरगुडी
चौदा इंजेक्शनांबद्दल. हे खरं आहे आणि कथेत अजून खोल नेता येईल. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली असायची. पोटाच्या कातडीखाली, रोज एक, जागा बदलत. दुखायचं, सुजायचं, आणि लहान पोराला रोज धरून न्यावं लागायचं. आपल्या देशात तिचं उत्पादन 2004 च्या अखेरीस थांबलं. म्हणून आजच्या साठी-सत्तरीतल्या बायकांची भीती निम्मी कुत्र्याची आणि निम्मी त्या सुईची असते. गोदाआजीला दात आठवतच नसेल कदाचित. आठवत असेल ते पोटावर मोजलेलं बोट आणि हात धरून ठेवणारं माणूस.

मग गुरुजी तिला एक गोष्ट सांगू शकतात जी तिला कुणी सांगितलेली नाही: आता पोटात देत नाहीत. दंडात देतात. स्नायूत द्यायची तर चावल्याच्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. सरकारी दवाखान्यात बऱ्याच ठिकाणी कातडीत देतात, त्यात चौदाव्या दिवसाची गरज नसते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेभोवती वेगळं औषध टोचावं लागतं.

मोगरा_नांदेड
आमच्या सासूबाई पण खूप भितात आणि खालच्या मजल्यावरच्यांनी लॅब्राडोर आणलाय. तो जिन्यात मोकळा असतो. सोसायटीत तक्रार करता येते का? त्याला पट्टा बांधायला लावता येतो का?

ढाळज
मोगराताई, तो वेगळा धागा काढा, तिथं माहीतगार भेटतील. इथं कथेचं चाललंय. तोवर जिन्यात पट्टा लावा असं त्यांना सांगायला काहीच हरकत नाही, लॅब्राडोर अंगावर उड्या मारतो आणि म्हातारं माणूस पायरीवरून घसरतं.

गॅझेटवाचक
तपशिलाची चूक. आजी आज बहात्तर, म्हणजे चावा साधारण 1962-63 चा. खर्ड्यात "लातूरच्या जिल्हा रुग्णालयात नेलं" असं काही लिहिलं असेल तर काढा. लातूर जिल्हा झाला 16 ऑगस्ट 1982 ला. त्याआधी औसा उस्मानाबाद जिल्ह्यात होता.

दुसरं, घर माळवदाचं दाखवणार असाल तर गाव नीट निवडा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारीच्या बाजूची दगडमातीची घरं माळवदासकट बसली. त्या भागातलं गाव असेल तर आजीचं घर पुनर्वसनातलं हवं, आणि मग अंगणात शहाबादी फरशी कुणी घातली हेही विचारात घ्या.

मांजराकाठ
गॅझेटवाचक, आभार, लातूरच लिहिलं होतं. उस्मानाबाद करते. गाव औशाच्या उत्तरेला घेते, घर जुनंच राहू दे.

बाभूळबन, तुमचं पटलं. पण मग आजी रोज अंगणात बसेलच कशाला? भिणारं माणूस दार लावून आत बसेल. तिथं माझी कथा अडते.

ढाळज
वाळवण. चैत्र-वैशाखात कुरडया, पापड, सांडगे अंगणात घातले की राखणीला कुणीतरी बसावंच लागतं. सून कामाला, नातवंडं शाळेत. आजीच बसणार. कावळ्यासाठी काठी हातात असतेच, ती कुत्र्यासाठी आहे हे तिला कबूल करावं लागत नाही. सकाळी सात ते नऊ, मग फरशी तापते.

बाभूळबन
वाळवण फार चांगलं. रोज ठरलेली वेळ, ठरलेली जागा, कुत्रं बांधलेलं, आणि आजीच्या हातात दुसरं काम. भीती कमी व्हायला नेमकं हेच लागतं. आता त्या फरश्या वापरा.

शहाबादी फरशी दोन फुटांची धरा. लिंबाचं खोड ते आजीचा उंबरा चौदा फरश्या. साखळी सहा फूट, त्यात मान आणि तोंड पुढं काढलं तर सात. म्हणजे सोन्या साडेतीन फरश्यांच्या पुढं येऊच शकत नाही. पण हे आजीला माहीत नाही. तिच्या डोक्यात तो अंगणभर आहे. गुरुजींनी तिच्यासमोर साखळी पूर्ण ताणून दाखवायची, कुत्र्याला लावून नव्हे, स्वतःच्या हातानं, आणि चौथ्या फरशीच्या कडेला गेरूची रेघ ओढायची. ज्या भीतीला कड नव्हती तिला कड मिळते. मला वाटतं कथा तिथून सुरू होते.

मग आजीची बाज (किंवा पाट) चौदाव्या फरशीवर. ती कधी पुढं सरकते? तिचा जीव शांत असेल तेव्हाच. ते ओळखायची खूण तुम्हाला द्यायची आहे, "तिला धीर आला" असं लिहून भागणार नाही. तिच्या मांडीवर सूप द्या, ज्वारी निवडायला. हात चालू आहे, खडा निघतोय, म्हणजे अंतर ठीक आहे. नजर कुत्र्यावर आणि हात सुपात थांबलेला, म्हणजे जास्त जवळ झालं. तेव्हा एक फरशी मागं. हात सलग दोन-तीन दिवस चालू राहिला की एक फरशी पुढं. तिथं कुणी तिला "बसा हो काकू, काही करत नाही तो" म्हणत पुढं ढकललं की पाच दिवसांचं काम वाया जातं. असं म्हणणारं पात्र हवंच कथेत, प्रत्येक गल्लीत असतं.

हुरडापार्टी
सुपाचं आवडलं, मानलं. पण एक सांगा, वैशाखात सोन्या जीभ बाहेर काढून लाळ गाळत बसणार. आजी म्हणेल कुत्रं पिसाळलं. तेव्हा गुरुजींनी पाण्याचं भांडं ठेवून दाखवावं. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, हे पाणी पितंय म्हणजे चांगलं आहे. सोपा पुरावा.

निरगुडी
हुरडापार्टी, प्रसंग चांगला आहे पण पुरावा चुकीचा, आणि वाचणाऱ्याच्या जिवावर बेतेल असा. पाण्याची भीती ही माणसाला रोग झाल्यावर दिसते. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भीत नाही, ते पाण्यातून चालत जाईल, प्यायला तोंडही घालेल. घसा लुळा पडल्यावर त्याला गिळता येत नाही, एवढंच. म्हणून "पाणी प्यायलं, म्हणजे चांगलं" असं कथेतल्या गुरुजींनी अजिबात म्हणू नये.

उन्हात जीभ काढून धापा टाकणं हे त्याचं घाम गाळणं आहे. सावलीत अर्धा तास बसलं, पाणी मिळालं की धाप बसते, तोंड मिटतं. रोगाची लाळ बसत नाही. त्यासोबत आवाज घोगरा बदललेला, खालचा जबडा लोंबलेला, मागचे पाय लटपटणारे, मालकालाही न ओळखणं, लाकूड-दगड काहीही चावणं, यातलं काहीतरी असतं. आजी हे स्वतः ताडू शकते: सकाळी तोंड मिटलेलं, नऊला उघडलेलं, सावली सरकून अंगावर आली की पुन्हा मिटलेलं. वाळवण राखणारी बाई सावलीचा हिशेब ठेवतच असते.

आणि गुरुजींनी लसीचं पुस्तक आणावं. तीन महिन्यांचं असताना पहिली रेबीजची, मग बूस्टर, मग दरवर्षी. त्यात बाटलीवरचं लेबल चिकटवलेलं असतं, शेजारी तारीख आणि सही. आजीला वाचता येत नसलं तरी ती लेबलं मोजेल. चार लेबलं, चार सुया. तिला स्वतःची चौदा आठवतील.

ढाळज
"कुत्र्यानं पण सुया घेतल्यात." हे वाक्य आजीच्या तोंडी ठेवा ताई. आपल्या बोलीत: "म्हंजी त्येलाबी टोचायलेत की दरसाली."

मांजराकाठ
ठेवलं. डोळ्यात पाणी आलं वाचून.

आता मधला धक्का. कथा सरळ चढत गेली तर खोटी वाटेल. विसाव्या दिवसाच्या आसपास गुरुजींचं पोरगं साखळी सोडतं आणि सोन्या मांजरामागं आजीच्या बाजेजवळून सुसाट जातो, असं सुचतंय. मग ती पुन्हा पहिल्यासारखी होईल का? चौदाव्या फरशीवर?

बाभूळबन
मांजरामागं जाणं कारवानीला साजेसं आहे. पळणारं काही दिसलं की तो हाकेला ऐकत नाही, बेसावध धन्याची दोरीसुद्धा हातातून जाते.

आजी चौदावर जाणार नाही. दोन दिवस घरातच बसेल, वाळवण सुनेवर टाकेल, काठी परत हातात येईल. मग येईल ती दहाव्या-अकराव्या फरशीवर. पहिल्या वेळी अकरापर्यंत यायला दोन आठवडे लागले असतील तर आता आठवर यायला पाच-सहा दिवस पुरतील. भीती परत येते, पण शिकलेलंही पुसलं जात नाही. एकच अट, ती आत बसून राहता कामा नये. महिनाभर आत राहिली तर मनात तेच पळणारं कुत्रं मोठं होत जातं. तिला बाहेर काढणारं कारण तुमच्याकडं आहेच. सुनेला रजा नाही आणि कुरडया अर्ध्या ओल्या आहेत.

काठीचं एक लक्षात ठेवा. उगारलेली काठी बघून बांधलेलं कुत्रं जास्त भुंकतं, कारण त्याला पळायला जागा नाही. साखळी ताणून भुंकणारं कुत्रं रागीट दिसतं, बहुतेक वेळा ते अडकलेलं असतं. म्हणून काठी आधी हातात, मग मांडीवर, मग बाजेखाली. कुणी काही न बोलता वाचकाला कळत जातं.

ढाळज
आता सापाबद्दल माझं मत. सापामुळं कुत्रं उपकार करतं आणि आजी परतफेड म्हणून प्रेम करते. हा विश्वास नाही, हे ऋण झालं. "हळूहळू" हा शब्द तुम्हाला टिकवायचा असेल तर मोठा प्रसंग नकोच.

हुरडापार्टी
मला अजूनही साप हवा. गावात साप निघतातच. शिवाय नामदेवांचा दाखला घाला, नरसी बामणी आपल्याच भागातली. कुत्रं भाकर घेऊन पळालं तर तुपाची वाटी घेऊन मागं धावले. खंडोबाचं कुत्रं आहे, माळेगावच्या यात्रेत कुत्र्यांचं प्रदर्शन भरतं. एवढं सगळं असताना आजी कोरडी का?

ढाळज
आजी माळेगावला जाऊन आली असेल, घरात खंडोबाचा टाक असेल, रोज पहिल्या भाकरीचा तुकडा कुत्र्यासाठी काढून ठेवत असेल, आणि तो सुनेच्या हातानं लांब टाकायला लावत असेल. श्रद्धा आणि भीती एकाच घरात राहतात. हे एका ओळीत येऊ द्या. नामदेव मात्र कुणाच्या तोंडून उपदेश म्हणून नको.

बाभूळबन
सापाऐवजी एक सुचवतो. आपल्याकडं कुणीही जमिनीकडं वाकलं की गावातली कुत्री पळतात, कारण वाकणं म्हणजे दगड उचलणं. सोन्या गुरुजींकडं येण्याआधी कुठंतरी दगड खाऊन आलेला असू शकतो. आजी सहाव्या फरशीवर आहे. सूप निसटतं, ज्वारी सांडते, ती चटकन वाकते. सोन्या झोपेतून उठून साखळी संपेपर्यंत मागं जातो. शेपूट पोटाखाली, कान डोक्याला चिकटलेले, पाठ गोल, नजर वळवलेली, ओठावरून जीभ फिरतेय. आजीनं हे अंग ओळखलं पाहिजे. साठ वर्षं ती स्वतः अशीच मागं सरकत आलीये.

मग ती काय करेल? जवळ जाणार नाही, गेलीच तर चूक. भ्यालेल्या आणि बांधलेल्या कुत्र्याजवळ जाऊन हात पुढं केला की चावा बसतो. ती हळू सरळ होईल, रिकामे हात मांडीवर ठेवेल, तोंड दुसरीकडं करेल. यातलं तिला कुणी शिकवलेलं नाही. सोन्या महिनाभर तिच्याशी असंच वागतोय.

मांजराकाठ
साप काढला. हुरडापार्टी, राग मानू नका.

शेवटी आजी त्याला हात लावते की नाही?

निरगुडी
लावू नये असं माझं मत. दोन महिन्यांत एवढं पुष्कळ झालं. शेजारी बसून ज्वारी निवडणं हाच शेवट.

बाभूळबन
मला उलट वाटतं, एकदा लावू दे, पण नीट. गुरुजी सोन्याच्या बाजूला बसलेले, साखळी सैल. साखळी आखडून धरली की कुत्र्यालाही ताण कळतो. आजी बसूनच, अंगानं तिरकी. हात डोक्यावरून नाही, वरून येणारा हात त्याला मारासारखा वाटतो. छातीला किंवा खांद्याला, बोटांच्या पाठीनं, तीन मोजेपर्यंत, आणि थांबायचं. थांबल्यावर तो सरकून जवळ आला तर पुन्हा. मान वळवली, जांभई दिली, उठून गेला तर आजच्यापुरतं झालं.

मोगरा_नांदेड
धागा पूर्ण वाचला. आमच्याकडं जिन्यात फरश्या नाहीत, पायऱ्या आहेत. पायऱ्यांवर चालेल का हे?

बाभूळबन
मोगराताई, जिन्यात नाही. तिथं दोघांनाही बाजूला व्हायला जागा नसते. इमारतीखाली मोकळी जागा असेल तिथं, पट्टा लावून, शेजारी तयार असतील तर. आणि सासूबाईंना स्वतःला बसायचं असेल तरच.

मांजराकाठ
शेवटचा परिच्छेद टाकते आहे. बघा:

"मृगाचा पहिला वारा सुटला तसं आजीनं वाळवण गोळा केलं. शेवटची कुरडई डब्यात गेली. उद्यापासून अंगणात बसायचं काही कारण उरलं नव्हतं. सकाळी सात वाजता सून बाहेर आली तर बाज पाचव्या फरशीवर, आजीच्या मांडीवर सूप, आणि सुपात निवडलेलीच ज्वारी. 'आत्याबाई, ही तर काल निवडली की.' आजी म्हणाली, 'असू दे. खडा राहतो एखादा.' लिंबाखाली सोन्यानं एक डोळा उघडला आणि मिटला. आजीचा हात चालूच होता."

हात लावणं घातलं नाही. बाभूळबन, चालेल?

बाभूळबन
चालेल. पाचवी फरशी म्हणजे रेघेच्या एक फरशी अलीकडं, तेही बरोबर. काठी कुठं आहे?

मांजराकाठ
घरात, दाराच्या मागं. लिहायची राहिली. घालते.

हुरडापार्टी
साप नाही तरी वाचला. पावसात सोन्याला कुठं बांधणार ते पण बघा, लिंबाखाली भिजेल.

ढाळज
आजीच्या ओसरीला खांब आहेत की.